एका पिंपळगावाने शिकवलेलं

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बिबट्याने मारलेल्या शेळ्या-मेंढ्या आणि वासरांची यादी मी करत होतो. एक यादी गावकऱ्यांच्या फोनवरून, दुसरी पंचनाम्यांच्या कागदांवरून. दोन्ही एकत्र केल्यावर पिंपळगावात नऊ हल्ले दिसले. पिंजरा तिथेच आधी लावा, असं मी सांगून मोकळा झालो.

चूक दाखवली ती ओतूरकडच्या एका शेतकऱ्याने. "कोणतं पिंपळगाव, दादा? आमचं जोगा, की मंचरजवळचं खडकी?" मी पुन्हा नोंदी उलगडल्या. चार जोग्याच्या, तीन खडकीच्या, आणि उरलेल्या दोन या सातांपैकीच दोन घटना, दुसऱ्या यादीतून पुन्हा आलेल्या. नऊचं गाव कुठेच नव्हतं. तेव्हापासून मी गावाच्या नावासोबत जनगणनेतला गावाचा क्रमांक लिहितो. दोन्ही याद्यांत असलेल्या घटना समोरासमोर ठेवून गाव, तारीख आणि जनावर किती नोंदींत जुळतं ते मोजतो. ही झाली सुसंगतता.

पण याद्या जुळल्या म्हणजे नोंद खरी, असं नाही. दोन्हींत तीच चूक उतरू शकते. काही पंचनाम्यांत जागेचा बिंदू गोठ्याचा नव्हता, मालकाच्या घराचा होता. अचूकतेसाठी चिठ्ठ्या टाकून काही नोंदी निवडाव्यात आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावं. सोयीच्या, रस्त्यालगतच्या नोंदी निवडल्या तर फसगत होते.

पूर्णतेने मला सर्वांत जास्त फसवलं. माझ्या तक्त्यात एकही रकाना रिकामा नव्हता, म्हणून मी निश्चिंत होतो. मग एका वाडीत घरोघर विचारलं, गेल्या तीन महिन्यांत काय काय गेलं? दहा घटना निघाल्या, यादीत सहाच होत्या. म्हणजे पूर्णता साठ टक्के. तीन महिन्यांपलीकडचं विचारू नये, तारखा आठवत नाहीत. शिवाय हा आकडाही वाडीपुरताच. वाटेवरचे मेंढपाळ कळप घेऊन पुढे निघून जातात. त्यांची मेलेली मेंढरं या विचारण्यातही येत नाहीत. त्यांच्या तळावरच जावं लागतं.

वेळेचं मोजमाप सोपं आहे: घटनेची तारीख आणि यादीत चढल्याची तारीख, यांतलं अंतर. माझ्या त्या सात घटनांत ते एक, एक, दोन, तीन, नऊ, चौदा आणि एकवीस दिवस होतं. मधला आकडा तीन, ऐकायला बरा. पण दोन दिवसांच्या आत चढल्या फक्त तीन. एकवीस दिवसांनी चढलेल्या घटनेच्या जागी पोहोचलो तेव्हा तिथला ऊस तुटून गेला होता आणि बिबट्याचा आडोसाही.

तुम्ही अशी यादी करत असाल, तर पिंजऱ्याची जागा सुचवण्याआधी गावाचा क्रमांक तपासा आणि एका वाडीत घरोघर फिरून या.