टच बंद पडला तरी फोटो-नंबर वाचवता येतात

मोबाईल पडला, चित्र दिसतं पण टच चालत नाही, अशा वेळी साधा माऊस कामाला येतो. आधी फोन पूर्ण चार्ज करा, कारण नंतर चार्जिंगची जागा माऊस अडवतो. ओटीजी लावून माऊस जोडा. पडद्यावर बाण दिसला की डावं बटण दाबून धरून पॅटर्न काढा. मग वायफायवर गुगल फोटोजचा बॅकअप सुरू करा आणि संपर्कांची .vcf फाईल स्वतःला मेल करा.

डिस्प्लेच काळा पडला असेल तर बाण दिसणार नाही. तेव्हा दुसऱ्या फोनवर त्याच जीमेलने contacts.google.com उघडा, सिंक झालेले नंबर तिथे मिळतील. फोटो फक्त फोनमध्येच असतील तर डिस्प्ले बदलून घ्या, त्याने डेटा जात नाही. मात्र दुरुस्तीवाल्याला ‘रीसेट मारू नका’ असं बजावून सांगा.