उभी चौकट, आडवी चौकट : यूट्यूबवरील चित्रफितींच्या मर्यादा

शासकीय खात्यांच्या माहितीपर चित्रफिती आता पुष्कळदा मोबाईलवर चित्रित करून यूट्यूबवर प्रसारित केल्या जातात. तेथे फितींचे दोन वर्ग आहेत : नेहमीची चित्रफीत आणि लघुचित्रफीत, म्हणजे ‘शॉर्ट्स’. फीत कोणत्या वर्गात जावी, हे पाठविणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नसते. तिची लांबी व चौकटीचा आकार या दोन गोष्टींवरून ते ठरते.

दिनांक १५ ऑक्टोबर २०२४ पासून चढविलेली, ३ मिनिटांपर्यंतची उभी अथवा चौरस फीत लघुचित्रफीत मानली जाते. त्यापूर्वी ही मर्यादा ६० सेकंदांची होती. आडवी फीत मात्र कितीही छोटी असली तरी नेहमीच्याच वर्गात राहते. नेहमीच्या वर्गात पडताळणी न झालेल्या खात्यास १५ मिनिटांची, तर पडताळणी झालेल्यास १२ तास किंवा २५६ गिगाबाइट, यांपैकी जे कमी असेल तितकी मुभा असते. चित्राची सुस्पष्टता वर्ग ठरवीत नाही; १०८० × १९२० चित्रबिंदूंची फीत दुप्पट सुस्पष्ट केली तरी ती उभीच राहते.

या भेदाचा व्यवहारात परिणाम काय होतो, ते एका उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, काजू-कलमांच्या अनुदानाची माहिती देणारी २ मिनिटे ४० सेकंदांची फीत मोबाईल उभा धरून चित्रित केली आणि अर्जाचा दुवा खालील वर्णनात दिला. ही फीत लघुचित्रफितींत जाईल. लघुचित्रफितीच्या वर्णनातील दुवे ३१ ऑगस्ट २०२३ पासून दाबून उघडत नाहीत. परिणामी शेतकऱ्यास फीत दिसेल, परंतु अर्जापर्यंत त्याला तेथून पोहोचता येणार नाही.

तीच फीत १९२० × १०८० च्या आडव्या चौकटीत बसविली, तर वर्ग बदलेल व दुवा चालेल. मात्र उंची १०८० वर आणल्यामुळे चित्राची रुंदी सुमारे ६०८ चित्रबिंदू उरेल. चौकटीचा जेमतेम एक तृतीयांश भाग भरेल, दोन्ही बाजूंस काळे पट्टे राहतील आणि चित्रातील बारीक अक्षरे वाचता येणार नाहीत. उलटपक्षी, उभ्या चित्रातून आडवा भाग कापून घेतल्यास वरचा व खालचा मिळून दोन तृतीयांश भाग गमवावा लागेल. म्हणून दुवा आवश्यक असेल, तर चित्रीकरणापूर्वीच मोबाईल आडवा धरणे श्रेयस्कर.

एकदा चढविलेल्या फितीच्या जागी दुसरी फीत ठेवता येत नाही; ती नव्याने चढवावी लागते व तिचा पत्ताही बदलतो. यास्तव फीत प्रथम खाजगी ठेवावी, ती ‘व्हिडिओ’ या सदरात दिसते की ‘शॉर्ट्स’ या सदरात, हे पाहावे आणि दुवा उघडत असल्याची खात्री करून मगच ती सर्वांसाठी खुली करावी.