एकदाच भरपूर की थोडे थोडे तीनदा?



गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका सभासदांनी उसातले तण मारायला २,४-डी फवारले. पंप एकदा पाण्याने काठोकाठ भरला, विहिरीच्या कडेलाच ओतून दिला आणि आठ दिवसांनी त्याच पंपाने वांग्यावर कीटकनाशक मारले. वांग्याचे शेंडे पिळवटले, पाने चिंचोळी झाली. मग विहिरीच्या पाण्याचीही धास्ती वाटली, म्हणून नमुना घेऊन ते स्वतः प्रयोगशाळेत गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "साहेब, ते लोक महागाचं द्रावक थोडं थोडं करून तीनदा घालतात. एकदाच घातलं तर काम उरकत नाही का?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर हिशेबाने देतो.

पाण्यातले २,४-डी मोजण्याआधी ते पाण्यातून बाहेर काढावे लागते. त्यासाठी पाण्यात न मिसळणारे डायक्लोरोमिथेन वापरतात. पाणी व द्रावक विलगकारी नरसाळ्यात घालून हलवले की विरघळलेला पदार्थ दोघांत वाटला जातो. द्रावकाच्या एका मिलीत जेवढा जातो, त्याला पाण्याच्या एका मिलीत उरलेल्याने भागले, की येतो तो वितरण गुणांक. तो पदार्थ, द्रावक व तपमान यांप्रमाणे बदलतो. हिशेब सोपा जावा म्हणून इथे १० धरू. म्हणजे पाण्याच्या दर मिलीला एक वाटा, तर द्रावकाच्या दर मिलीला दहा वाटे.

पाणी १०० मिली घ्या, द्रावक एकूण ९० मिली. पाण्यात औषधाचे १०० भाग आहेत असे समजा.

सगळे द्रावक एकदम घातले तर पाण्याचे वाटे १००, द्रावकाचे ९००, एकूण १०००. पाण्यात हजारातले शंभर, म्हणजे दहावा हिस्सा राहिला. १०० पैकी १० भाग पाण्यातच.

आता तेच द्रावक ३०-३० मिली करून तीनदा घालू. पाण्याचे वाटे १००, द्रावकाचे ३००, एकूण ४००. पाण्यात चौथाई राहिली, २५ भाग. ते द्रावक काढून घेतले आणि कोरे ३० मिली घातले. २५ ची चौथाई ६.२५. तिसऱ्या खेपेला ६.२५ ची चौथाई, १.५६. द्रावक तेवढेच, पण मागे दहाऐवजी दीडच भाग. कारण दर खेपेचे द्रावक रिकाम्या हाताने येते आणि उरलेल्यातून पुन्हा आपला पूर्ण वाटा मागते.

मग १५-१५ मिली करून सहा वेळा का नको? केले तर ०.४१ भाग उरेल. म्हणजे मेहनत दुप्पट आणि फायदा सव्वा भागाचाही नाही. शिवाय दर खेपेला नरसाळ्याला, तोटीला थोडे चिकटून वाया जाते ते वेगळेच. म्हणून बहुधा तीन खेपांवर थांबतात.

गुणांक लहान असला तर मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. तो १ असेल तर एकदम ९० मिली घातल्यावर सुमारे ५३ भाग पाण्यात राहतात, आणि तीनदा ३० घालूनही ४५.५ राहतातच. अशा वेळी द्रावक तरी बदलावे, नाहीतर पाण्याचा सामू. २,४-डी चे नेमके हेच आहे. ते आम्ल आहे. साध्या विहिरीच्या पाण्यात ते क्षाररूपात असते आणि पाणी सोडत नाही. म्हणून आधी नमुन्यात आम्ल घालून सामू २ च्या आसपास आणतात. ही पायरी चुकली तर तीनदा काय, दहादा द्रावक घाला, औषध पाण्यातच राहणार आणि तपासणीत विहीर निर्दोष दिसणार!

नरसाळे हलवताना आत वाफ कोंडते, म्हणून ते उलटे धरून मधून मधून तोटी उघडावी लागते. डायक्लोरोमिथेन पाण्यापेक्षा जड. ते खाली बसते आणि तोटीतून काढता येते, पाणी जागचे हलवावे लागत नाही. फार जोरात घुसळले तर मध्ये ताकाच्या फेसासारखा पांढुरका थर धरतो आणि दोन थरांतली रेघ दिसत नाही. मग थोडे मीठ घालून वाट पाहायची.

आता पंपाकडे येऊ. इथे दोन द्रव नाहीत, नुसते पाणी आहे, पण गणित त्याच घरचे. ओतल्यावरही पंपात, नळीत अर्धा लिटर उरते असे धरा. एकदाच ९ लिटर पाण्याने धुतले तर साडेनऊत अर्धा, म्हणजे एकोणिसावा हिस्सा औषध राहते, शेकडा ५.३. तीन-तीन लिटरने तीनदा धुतले तर दर वेळी सातवा हिस्सा, शेवटी ३४३ वा, शेकडा ०.३ सुद्धा नाही. मात्र दर वेळी पाणी नळी-नोझलमधून मारून काढावे, आणि ते धुवण फवारलेल्या उसातच टाकावे, विहिरीकडे नेऊ नये. आणि वांगी, कपाशी, द्राक्षे यांना २,४-डी चा अंशही सोसत नाही. त्यांच्यासाठी पंप वेगळाच ठेवा. तीनदा धुतलेलाही नको.