हिवाळ्यात घरच्या घरी कॉटेज चीज

कॉटेज चीजचे दाणे मलई काढलेल्या दुधाचे होतात. पनीरसारखे तापत्या दुधात आम्ल न घालता ते विरजणाने सावकाश आंबवले जाते. म्हशीच्या दुधात केसिन आणि कॅल्शियम जास्त असल्याने दाणे कडक होतात, म्हणून गाईचे दूध बरे.

दहा लिटर दूध 63 अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून 32 अंशांपर्यंत निववावे. त्यात अर्धा लिटर ताजे विरजण घालावे. सामान्य ताकदीचे द्रव रेनेट 1 मिली घेऊन 100 मिली गार पाण्यात मिसळावे आणि त्यातले फक्त 3 मिली दुधात टाकावे. थंडीत पातेले कोमट पाण्याच्या टबात ठेवल्यास साधारण पाच तासांत दूध घट्ट जमते. पीएच कागदावर 4.7 दिसल्यावर सव्वा सेंटिमीटरचे चौकोन कापून पंधरा मिनिटे हलवू नये.

दाणे रबरासारखे होण्याचे पहिले कारण याच टप्प्यावर असते. आंबटपणा पुरेसा चढण्याआधी कापल्यास कॅल्शियम केसिनमध्येच राहते आणि दाणा चिवट होतो. रेनेट जास्त पडले, तरी तेच घडते. उलट, फार उशिरा कापलेले दही भुसभुशीत होऊन चुरते.

दुसरे कारण आच. पहिल्या चाळीस मिनिटांत तापमान 40 अंशांवर आणि पुढच्या पाऊण तासात 52 ते 54 अंशांवर न्यावे; दाणे हलक्या हाताने हलवत राहावेत. घाईने तापवल्यास दाण्यावर कातडी धरते आणि निवळी आत अडकते. तापमान फार वाढले किंवा वेळ लांबला, तर निवळी प्रमाणाबाहेर निघून दाणे दाताखाली करकरतात. एक दाणा गार पाण्यात बुडवून चिमटीत दाबावा: तो किंचित लवचीक असावा आणि मोडल्यावर आत खिरीसारखा मऊ गाभा नसावा. असा दाणा मिळताच आच बंद करावी.

निवळी काढून दाणे उकळून निववलेल्या पाण्याने तीनदा धुवावेत: आधी 27, मग 15 आणि शेवटी 4 अंशांच्या पाण्यात, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे. त्याने आंबटपणा व उरलेली साखर जाते आणि दाणे गार होऊन शिजणे थांबते. बोअरचे जड, अल्कधर्मी पाणी दाण्यांचा पृष्ठभाग बुळबुळीत करते. त्यात सायट्रिक आम्लाची चिमूट घालावी. नंतर दाणे तासभर चाळणीत निथळावेत.

दहा लिटरांतून सुमारे दीड किलो दाणे मिळतात. 40 टक्के फॅटची 200 ग्रॅम मलई आणि 300 ग्रॅम मलईविरहित दूध एकत्र तापवून, गार करून त्यात 20 ग्रॅम मीठ विरघळवावे आणि दाण्यांवर ओतावे. दोन किलो चीजमध्ये फॅट सुमारे 4 टक्के व मीठ 1 टक्का होते. मीठ थेट दाण्यांना चोळल्यास पाणी सुटून ते आकसतात. मिश्रण रात्रभर 4 अंशांवर ठेवावे, म्हणजे मलई दाण्यांत मुरते. तयार चीज फ्रिजमध्ये झाकून ठेवून आठवड्याच्या आत संपवावे.