बारीकसारीक गप्पा कुठे गेल्या?

प्रश्न: नवरा पूर्वी ऑफिसातलं सगळं सांगायचा. वर्षभरात ते हळूहळू थांबलं. त्याच्या आयुष्यात दुसरं कोणी असेल का?

उत्तर: एवढ्यावरून तसं ठरत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण केलं. सहा वर्षांनंतर जी एकत्र होती, त्यांनी निरीक्षणाच्या वेळी जोडीदाराच्या लहानसहान बोलण्याला ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिला होता. विभक्त झालेल्यांनी जेमतेम ३३ टक्के.

‘आज साहेब चिडले’ यावर फोनमध्ये बघत ‘हं’ किंवा लगेच ‘तूच काही बोलला असशील’ असं ऐकू आलं, की माणूस पुढचा प्रसंग मनातच ठेवतो.

तो मित्रांशी, बहिणीशी मोकळा बोलतो का, हे आधी पाहावं. बोलत असेल, तर अडचण बहुधा दोघांमधली आहे. सल्ला न देता नुसतं ऐकून पाहावं. सगळ्यांशीच गप्प असेल, झोप-भूकही बिघडली असेल, तर नैराश्याची शक्यता धरून डॉक्टरांना भेटावं.