अमानतीचा हिशेब : एका कामासाठी दिलेला पैसा वेगळा कसा ठेवावा?



अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन कराव्यात, असा आदेश अल्लाहने सूरह अन-निसाच्या ५८ व्या आयतीत दिला आहे. अमानत म्हटले की शेजाऱ्याने सांभाळायला दिलेला दागिना किंवा मित्राने ठेवायला दिलेली रक्कम आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु मस्जिद, मकतब किंवा दवाखाना चालविणाऱ्या ट्रस्टच्या पेटीत पडणारा प्रत्येक रुपयाही अमानतच असतो. दात्याने ‘हा पैसा अमुकच कामासाठी’ असे सांगितले असेल, तर त्या अमानतीला एक अटही जोडलेली असते. ती अट हिशेबाच्या वहीत कशी जपावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पैसा बँकेत होता, तरीही नव्हता

काही वर्षांपूर्वी मी ज्या गावी इमामतीस होतो, तेथील ट्रस्टकडे एका विधवा भगिनीने मरहूम पतीच्या ईसाले सवाबासाठी ३,००,००० रुपये दिले. मकतबातील मुलांसाठी बोअरवेल खोदावी, पंप बसवावा आणि पाण्याची टाकी उभारावी, अशी त्यांची इच्छा होती. (आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून मी ते गोल केले आहेत.) बोअरवेलला १,१२,००० आणि पंप व पाइपलाइनला ६८,००० रुपये लागले. त्यानंतर पावसामुळे टाकीचे काम लांबले आणि लांबतच राहिले. मार्च महिन्यात त्या भगिनी मकतबात आल्या आणि म्हणाल्या, “मौलानासाब, टाकी कधी बसणार?” खजिनदारांनी पासबुक पुढे केले. “चाची, काळजी करू नका. पैसे बँकेत आहेत.”

बँकेत ९५,००० रुपये होते. खजिनदार खोटे बोलत नव्हते, आणि एक पैसाही कोणी घरी नेला नव्हता. त्यांची वही अशी होती : वर्षारंभीची शिल्लक ८०,०००, वर्षभरात जमा ७,२०,०००, एकूण ८,००,०००. खर्च ७,०५,०००. शिल्लक ९५,०००. बेरीज-वजाबाकी अचूक होती. सभेत हा हिशेब वाचला गेला, तेव्हा सर्वांनी समाधानच व्यक्त केले होते.

त्या रात्री आम्ही दोघांनी तीच वही दोन भागांत मांडली. पाण्याच्या कामासाठी आले ३,००,०००, खर्च झाले १,८०,०००, म्हणजे शिल्लक हवी १,२०,०००. सर्वसाधारण कामासाठी आरंभीचे ८०,००० आणि वर्षभराच्या देणग्या ४,२०,०००, मिळून ५,००,०००. पगार, वीजबिल, रंगरंगोटी यांवर झालेला खर्च ५,२५,०००. म्हणजे सर्वसाधारण निधी शिल्लक तर नव्हताच, उलट २५,००० रुपयांनी तुटीत होता. ती तूट भरून निघाली होती टाकीच्या पैशातून, आणि हे कोणालाही माहीत नव्हते. त्या पगारांत माझाही पगार होता, हे येथे सांगितले पाहिजे.

एकत्र वहीचा दोष हाच आहे. किती पैसा उरला, एवढेच ती सांगते. तो कोणाचा उरला, हे ती सांगत नाही.

शरीअतची दृष्टी

ह. उमर (रजि.) यांना खैबर येथे जमीन मिळाली, तेव्हा त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांचा सल्ला घेतला. मूळ जमीन राखून तिचे उत्पन्न दान करावे, असे प्रेषितांनी सुचविले. ह. उमर (रजि.) यांनी अटी ठरवून दिल्या : ती जमीन विकली जाणार नाही, कोणाला भेट दिली जाणार नाही, वारसांत वाटली जाणार नाही, उत्पन्न कोणावर खर्चावे हेही ठरले, आणि व्यवस्था पाहणाऱ्याने त्यातून रीतीप्रमाणे खावे, संपत्ती जमवू नये. दात्याच्या अटीला फिक्हमध्ये जे मोठे वजन आहे, त्यामागे हा प्रसंग आहे.

त्या भगिनीची देणगी वक्फ नव्हती. तिच्यातील रक्कम खर्चच करायची होती. अशा रकमेच्या बाबतीत विश्वस्त हा दात्याचा वकील, म्हणजे त्याच्या वतीने काम करणारा, समजला जातो. वकिलाने सांगितलेल्या कामाबाहेर पैसा खर्चला, तर त्याची भरपाई त्याच्यावर येते. तो पैसा इमामाच्या पगारासारख्या चांगल्या कामी लागला, या कारणाने ही जबाबदारी टळत नाही. चांगले काम कोणते हे ठरविण्याचा अधिकार त्या रकमेपुरता दात्याचा होता.

येथेच आणखी एक प्रश्न पावती फाडतानाच विचारावा : ही रक्कम जकातीची तर नाही? बहुसंख्य फुकहांच्या मते जकात पात्र व्यक्तीच्या मालकीत द्यावी लागते. बोअरवेल किंवा इमारत यांवर खर्चून ती अदा होत नाही. जकातीची रक्कम असेल, तर अशा प्रकल्पासाठी ती स्वीकारूच नये. जकातीचे खाते स्वतंत्र ठेवावे आणि दात्याला तसे समजावून सांगावे.

वही कशी ठेवावी?

अनेकांना वाटते, प्रत्येक कामासाठी बँकेत नवे खाते उघडावे लागेल. मोठ्या प्रकल्पासाठी ते सोयीचे असते, पण अनिवार्य नाही. अनिवार्य आहे ते खतावणीतील स्वतंत्र खाते. पैसा एका बँक खात्यात असू शकतो. त्याची ओळख मात्र पुसली जाता कामा नये.

सुरुवात पावतीपासून होते. पावतीवर केवळ ‘देणगी’ असे न लिहिता ‘मकतबातील बोअरवेल, पंप व टाकी यांसाठी’ असे दात्याच्याच शब्दांत लिहावे आणि स्थळप्रतीवर दात्याची सही घ्यावी. मग खतावणीत ‘पाणी प्रकल्प निधी’ हे खाते उघडून ३,००,००० रुपये तेथे जमा करावेत. ही रक्कम वर्षाच्या सर्वसाधारण उत्पन्नात मिसळू नये. मिसळली, तर उत्पन्न तीन लाखांनी फुगते आणि विश्वस्तांना वाटते की यंदा खर्चाला वाव आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालील ताळेबंदाच्या नमुन्यात, म्हणजे अनुसूची आठमध्ये, मूळ निधीनंतर राखीव हेतूच्या निधींसाठी वेगळी जागा दिलेली आहे. मूळ निधीत ही देणगी दाखवू नये. मूळ निधी टिकवून ठेवण्यासाठी असतो. ही रक्कम खर्चून संपविण्यासाठी आली आहे. करविषयक नियम वेगळे असल्याने नोंद करण्यापूर्वी हिशेब तपासनिसांना पावतीची स्थळप्रत दाखवावी.

खर्चाच्या प्रत्येक व्हाउचरवर प्रकल्पाचे नाव लिहावे आणि ती रक्कम त्याच निधीच्या नावे टाकावी. पंप ही ट्रस्टची मालमत्ता झाली, म्हणून तो मालमत्तेच्या यादीतही येईल. पण निधीच्या खात्यात ‘खर्च झालेली’ आणि ‘शिल्लक’ रक्कम वेगळी दिसली पाहिजे.

अडचण येते सामाईक खर्चात. गवंड्याने दिवसभर टाकीचा चौथरा बांधला आणि संध्याकाळी मस्जिदीची भिंतही दुरुस्त केली, तर त्याची मजुरी कामाच्या तासांप्रमाणे वाटावी आणि ती वाटणी व्हाउचरवरच लिहावी. कार्यालयीन खर्चाचा वाटा मात्र या निधीतून परस्पर घेऊ नये. ह. उमर (रजि.) यांच्या जमिनीच्या व्यवस्थापकाला जे मिळाले, ते देणाऱ्याने आधीच मान्य केले होते. आपल्यालाही वाटा हवा असेल, तर तो देणगी स्वीकारण्यापूर्वी सांगावा.

महिन्याची एक पडताळणी

आता सर्वांत उपयोगाची गोष्ट. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एका कागदावर सर्व राखीव निधींची न खर्चलेली शिल्लक लिहून बेरीज करावी. तिच्याशेजारी बँक आणि रोख मिळून हाती असलेली रक्कम लिहावी. दुसरी रक्कम पहिलीपेक्षा कमी भरली, तर कोणाच्या तरी अमानतीला हात लागला आहे, हे निश्चित. आमच्या वहीत मागे जाऊन पाहिले, तेव्हा डिसेंबरअखेर हाती १,१३,००० होते आणि पाणी निधीची शिल्लक १,२०,०००. म्हणजे ७,००० रुपयांची तूट तेव्हाच सुरू झाली होती. हा कागद तेव्हा केला असता, तर रंगरंगोटी थांबवता आली असती.

या पडताळणीला एक मर्यादा आहे. सर्वसाधारण निधीत भरपूर शिल्लक असेल, तर प्रकल्पाचा खर्च चुकून दुसऱ्या खात्यात लिहिला गेला तरी ती चूक येथे दिसणार नाही. त्यासाठी व्हाउचरच तपासावे लागतात. विशेषतः ‘इतर खर्च’ असे लिहिलेले.

चूक झाली असेल तर

आम्ही पुढे काय केले, ते सांगतो. प्रथम वहीत सत्य लिहिले : ‘सर्वसाधारण निधीकडून पाणी निधीस येणे रु. २५,०००.’ ‘वर्ग केले’ असे लिहून ती रक्कम मिटविण्याची सूचना एका सदस्याने केली होती, ती मान्य झाली नाही. नंतर अध्यक्ष आणि मी त्या भगिनींच्या घरी गेलो आणि झाले ते सांगून माफी मागितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पैसे गेले असते तर दुःख नव्हते. मला वाटले, तुम्ही त्यांचे नाव विसरलात.” त्यांनी तीन महिन्यांची मुदत दिली. त्या काळात आलेल्या सर्वसाधारण देणग्यांतून २५,००० रुपये भरून काढले आणि टाकी उभी राहिली.

टाकीला १,०५,००० रुपये लागले आणि १५,००० उरले. काम संपले म्हणून ही उरलेली रक्कम ट्रस्टची होत नाही. दाता हयात असेल, तर त्याला विचारावे. आम्ही विचारले, आणि वुजूखान्याच्या नळांसाठी त्यांची लेखी परवानगी घेतली. वर्गणी अनेकांकडून आली असेल आणि सर्वांपर्यंत पोहोचणे शक्य नसेल, तर विश्वस्तांनी स्वतःच्या मनाने न ठरवता मुफ्तींना आणि हिशेब तपासनिसांना विचारून मूळ हेतूच्या जवळचे काम निवडावे. हा प्रसंग टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे आवाहनात व पावतीवर आधीच एक ओळ छापणे : ‘काम पूर्ण होऊन रक्कम उरल्यास ती मकतबाच्या अन्य गरजांसाठी वापरली जाईल.’ ज्याला हे मान्य नसेल, तो देतानाच सांगेल.

वाचकहो, आपण विश्वस्त असाल, तर या महिन्याच्या पहिल्या तारखेलाच तो कागद करून पाहा. आपण दाते असाल, तर पावतीवर आपला हेतू लिहून घ्या आणि वर्षअखेरीस त्या निधीचा हिशेब मागा. असा हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. विश्वस्ताला त्याची अमानत आठवून देणे होय. अल्लाह आपणा सर्वांना अमानत जपण्याची तौफीक देवो. आमीन.