चित्रांतील अक्षरे

चित्रपुस्तकाचे भाषांतर म्हणजे चित्रांखालील वाक्यांचे भाषांतर, अशी पुष्कळांची समजूत असते. आमचीही तीच होती. आमच्या वर्गाने शाळेतील दुसऱ्या इयत्तेच्या मुलांसाठी एक लहानसे इंग्रजी चित्रपुस्तक मराठीत आणण्याचे योजिले. पृष्ठे चोवीस आणि दर पृष्ठास एक-दोन वाक्ये. दोन दिवसांत वाक्ये लिहून झाली व काम संपले असे आम्हांस वाटले. पण मुलांसमोर पुस्तक उघडताच दिसून आले की, निम्मी गोष्ट वाक्यांत नसून चित्रांतील पाट्यांवर व चिठ्ठ्यांवर आहे आणि ती सर्व इंग्रजीतच राहिली आहे.

ह्या पुस्तकातील एक प्रसंग पाहू. पांढरा शुभ्र कोट घातलेले एक ऐटबाज गृहस्थ बागेत येतात. चित्राखाली एवढेच वाक्य आहे की, गृहस्थ दमले आणि बाकावर बसले. बाकाच्या पाठीवर मात्र एक छोटी पाटी टांगलेली असून तिच्यावर 'वेट पेंट' ह्या अर्थाची दोन इंग्रजी अक्षरजोडणी आहे. पान उलटावे, तो गृहस्थ ऐटीत चालले आहेत आणि पाठीवर हिरवे पट्टे उमटले आहेत! गृहस्थांनी पाटी वाचली नाही, वाचकाने वाचली. सगळी गंमत ह्यातच आहे. पाटी न वाचणाऱ्या मुलास पुढच्या पानावरील पट्टे कोठून आले हे उमगत नाही.

आमचा पहिला प्रयत्न असा होता: 'सावधान! नुकताच रंग दिलेला आहे.' अर्थ बरोबर आणि मराठीही शुद्ध. तथापि ती पाटी बोटाएवढी. एवढा मजकूर तीत बसविताना अक्षरे मुंगीएवढी झाली. एका मुलाने 'सावधान' एवढाच शब्द कसाबसा लावला व पान उलटले. मग आम्ही दुसरी युक्ती केली. पाटी तशीच ठेवून खालच्या वाक्यात भर घातली: 'बाकाला ओला रंग होता, तरी गृहस्थ त्यावर बसले.' आता अर्थ सर्वांस कळला. पण हसले कोणीच नाही. जे मुलाने आपल्या डोळ्यांनी शोधून काढावयाचे, ते आम्हीच आधी सांगून टाकले होते. चित्रातील मजकूर वाक्यात ओढून आणला की गुपित फुटते, हा पहिला धडा आम्ही असा शिकलो.

शेवटी पाटीवर लिहिले: 'रंग ओला आहे'. तीनच शब्द, एकही जोडाक्षर नाही, आणि तिन्ही शब्द मुलांच्या रोजच्या बोलण्यातले. ह्या वेळी एक मुलगी पान उलटण्याआधीच ओरडली, "अहो, बसू नका!" भाषांतर साधले, हे आम्हांस तेव्हा कळले.

ह्यानंतर आम्ही संपूर्ण पुस्तक पुन्हा चाळून चित्रांतील प्रत्येक अक्षराची यादी केली: पृष्ठ कोणते, मजकूर कशावर आहे, जागा किती आणि गोष्ट त्यावर अवलंबून आहे की नाही. यादीचे आपोआप तीन भाग पडले. पहिला भाग, ज्यांवाचून गोष्ट कळत नाही अशा पाट्यांचा. त्यांचे भाषांतर केलेच पाहिजे. दुसरा, स्थळ सांगणाऱ्या पाट्यांचा, जसे दुकानाचे नाव. येथे एखादा ओळखीचा शब्द पुरतो. तिसरा, केवळ शोभेच्या अक्षरांचा, जसे वर्तमानपत्रातील बारीक ओळी. त्यांच्या जागी नुसत्या रेघा ओढल्या तरी चालते.

दुसऱ्या भागात एक अनपेक्षित अडचण आली. बेकरीची पाटी उभी होती आणि तिच्यावर सहा इंग्रजी अक्षरे एकाखाली एक लिहिलेली होती. आमच्यातील एकाने 'बेकरी' हा शब्द तसाच फोडून मात्रा व वेलांटी निरनिराळी मांडली. ते कोणासही वाचता येईना. मराठीत उभी पाटी लिहावयाची तर संपूर्ण अक्षर हाच घटक धरावा: बे, त्याखाली क, त्याखाली री. जोडाक्षर कधी तोडू नये. सहांच्या जागी तीनच अक्षरे आल्याने ती मोठी काढता आली. आडव्या पाटीत मात्र उलट घडते. आपल्या अक्षरांना वर मात्रा व खाली उकार असतात. म्हणून इंग्रजी ओळ जेवढ्या उंचीत मावते, तेवढ्या उंचीत मराठी ओळ काढल्यास अक्षरे बारीक होतात. ह्यासाठी प्रत्येक पाटीवर पातळ, पारदर्शक कागद ठेवून शब्द आधी त्यावर लिहून पाहावा आणि न मावल्यास अक्षर लहान करण्याऐवजी शब्द बदलावा.

सर्वांत अधिक वाद एका चिठ्ठीवरून झाला. गोष्टीतील लहान मुलगा आईसाठी चिठ्ठी ठेवून जातो आणि तीत त्याने शब्द चुकीचे लिहिले आहेत. इंग्रजी चूक मराठीत आणता येत नाही. चिठ्ठी शुद्ध लिहावी तर ती मोठ्या माणसाची वाटते. फार चुका कराव्या तर नुकत्याच वाचू लागलेल्या मुलास ती लागत नाही. म्हणून मराठी मूल खरोखर जी चूक करते तीच घेतली, ऱ्हस्वदीर्घाची: 'आइ, मी नदिवर जातो.' चुका दोनच ठेवल्या आणि 'आई' व 'नदी' हे दोन्ही शब्द त्याच पानावरील वाक्यात शुद्ध येतील अशी व्यवस्था केली. मुलांनी त्या चुका स्वतः हुडकल्या व मोठ्या अभिमानाने आम्हांस दाखविल्या.

आमच्या हस्तलिखित प्रतीत आम्हांस हवे तेथे कागद चिकटविता आला. छापील पुस्तकात हे इतके सोपे नसते. रंगीत चित्र बहुधा निळा, किरमिजी, पिवळा व काळा अशा चार शायांनी छापतात. अक्षरे केवळ काळ्या शाईत असतील, तर दुसऱ्या भाषेसाठी काळ्या शाईचा एकच छापा बदलावा लागतो. तीच अक्षरे रंगीत असतील किंवा चित्रातच रंगविलेली असतील, तर खालचे चित्रही दुरुस्त करावे लागते व खर्च वाढतो. अशा वेळी पाटी तशीच ठेवून चित्राच्या कडेला, गोष्टीच्या वाक्यापासून दूर, बारीक अक्षरांत तिचा अर्थ द्यावा. चित्रात आकडा घालून अर्थ बाहेर देण्याची रीत जुनी आहे. कोमेनियसचे सुप्रसिद्ध चित्रमय पाठ्यपुस्तक 1658 साली न्यूरेंबर्ग येथे लॅटिन व जर्मन भाषांत निघाले. त्यात चित्रातील वस्तूंना आकडे असून तेच आकडे खालच्या मजकुरात आहेत. पुढच्याच वर्षी त्याची लॅटिन-इंग्रजी आवृत्ती लंडनमध्ये निघाली. मात्र ही रीत वस्तूंची नावे शिकविण्यास उत्तम. गंमत सांगणाऱ्या पाटीस ती तितकीशी मानवत नाही, कारण अर्थ कडेला शोधीपर्यंत हसू ओसरते.

भाषांतर उतरले की नाही, हे पाहण्याची आमची कसोटी अगदी साधी आहे. गोष्ट ठाऊक नसलेल्या मुलापुढे पान उघडावे, स्वतः काही बोलू नये आणि पान उलटण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा, "आता पुढे काय होईल?" पालकांनी घरी ही परीक्षा अवश्य करावी. मुलाचे बोट प्रथम पाटीकडे गेले तर शब्द योग्य जागी पडले असे समजावे. ते बोट आपल्या तोंडाकडे वळले, तर पाटी पुन्हा लिहावयास घ्यावी.